एकावर थांबायचं कसं? अमाइन बनवण्याच्या दोन वाटांचा इतिहास

(काल्हेर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

ठाण्याहून येताना कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेर लागतं, आणि काल्हेर लागलं की गोदामं आणि ट्रक लागतात. आज मी वीस मिनिटं एका ट्रकच्या मागे उभा होतो. करायला काही नव्हतं, म्हणून त्याच्या टायरकडे बघत बसलो. रसायनशास्त्राच्या माणसाची ही खोड असते. टायर काळा असतो तो काजळीमुळे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण उन्हात, हवेत, वर्षानुवर्षं फिरूनही त्याला लगेच भेगा पडत नाहीत. त्याचं कारण त्यात मिसळलेलं एक अमाइन आहे. आजची गोष्ट त्या अमाइनपाशी संपणार आहे. सुरुवात मात्र १८५० च्या लंडनमध्ये होते.

आधी एका वाक्यात अमाइन म्हणजे काय ते सांगतो. अमोनिया सगळ्यांना माहीत आहे. एक नायट्रोजन आणि त्याला तीन हायड्रोजन. त्यातला एक हायड्रोजन काढून तिथे कार्बनची साखळी बसवली की झालं प्राथमिक अमाइन. दोन काढले तर द्वितीयक, तीनही काढले तर तृतीयक. औषधं, रंग, रबराची रसायनं, कीटकनाशकं, कुठेही हात घाला, अमाइन सापडतं. आणि कारखान्यातला प्रश्न नेहमी एकच असतो. मला एकच साखळी बसवायची आहे, तर ती एकावर थांबवायची कशी?

हॉफमनचा पुरावा

ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ तेव्हा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत शिकवत होता. पहिला कृत्रिम रंग बनवणारा पर्किन हा त्याचाच विद्यार्थी. १८४९ मध्ये पॅरिसच्या वुर्ट्झने मिथिल अमाइन आणि इथिल अमाइन पहिल्यांदा वेगळे करून दाखवले होते, पण वेगळ्या, वळणाच्या वाटेने. हॉफमनने १८५० च्या सुमारास सरळ वाट घेतली. त्याने अमोनियामध्ये इथिल ब्रोमाइड घातलं आणि तापवलं. इथिल गट अमोनियाला चिकटला, ब्रोमिन बाहेर पडला. इथिल अमाइन तयार.

पण तो तिथे थांबला नाही. थांबता येतच नव्हतं. तयार झालेलं इथिल अमाइन पुन्हा इथिल ब्रोमाइडशी भिडत होतं आणि डायइथिल अमाइन होत होतं. ते पुन्हा भिडून ट्रायइथिल अमाइन. आणि तेही पुढे जाऊन चार इथिल गटांचा क्षार.

आता गंमत बघा. हॉफमनला याचं दुःख झालं नाही. त्याला आनंद झाला. त्या काळात सेंद्रिय रेणूंची रचना कशी असते यावर मोठा वाद चालू होता. हॉफमनचं म्हणणं होतं की ही सगळी आम्लारीधर्मी संयुगं म्हणजे अमोनियाचेच अवतार आहेत, त्यातला एकेक हायड्रोजन क्रमाने बदलत जातो. आणि इथे त्याच्या भांड्यात एक, दोन, तीन अशी पायऱ्यांची अख्खी रांग उभी होती. म्हणजे आज आपण ज्याला अतिअल्किलीकरण म्हणतो आणि डोक्याला हात लावतो, तो त्याच्यासाठी सिद्धान्ताचा पुरावा होता.

पुढे १८६३ मध्ये त्याने रोझॅनिलिन या लाल रंगाला इथिल आयोडाइडबरोबर तापवून जांभळे रंग काढले. हॉफमन व्हायोलेट म्हणून ते विकले गेले. त्यातही साखळ्या किती बसल्या यावर छटा ठरायची. कमी बसल्या तर लालसर जांभळा, जास्त बसल्या तर निळसर. मिश्रण झालं तरी बिघडत नव्हतं, कारण गिऱ्हाईक छटा बघून माल घेत होतं, रेणू मोजून नाही.

ज्या दिवशी गिऱ्हाईक एकच रेणू मागू लागलं, त्या दिवशी हॉफमनचा पुरावा कारखानदाराच्या गळ्यात पडला.

थांबत का नाही?

हे नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. ती घेऊन तो अल्किल हॅलाइडच्या कार्बनवर चाल करतो. एकदा एक अल्किल गट बसला की तो नायट्रोजनकडे थोडे इलेक्ट्रॉन ढकलतो, म्हणजे नायट्रोजन आणखी जोमदार होतो. थोडक्यात, आपण तयार केलेला माल कच्च्या मालापेक्षा जास्त भुकेला असतो. वाढपी पंगतीत फिरतोय आणि जो जेवून झालाय तोच पुन्हा ताट पुढे करतोय, असं चित्र डोळ्यासमोर आणा.

आता हिशेब करू. फळ्यावर लिहितो, पण आकडे फार नाहीत. समजा माझ्याकडे मिथिल अमाइन आहे आणि मला त्यावर एकच बेंझिल गट बसवायचा आहे. मी मिथिल अमाइनचे १०० रेणू घेतले आणि बेंझिल क्लोराइडचेही बरोबर १०० घेतले. समजा, उदारपणे, की दुसरी पायरी पहिलीपेक्षा जलद नाही, दोन्हींचा वेग अगदी सारखा आहे, आणि तिसऱ्या पायरीचा विचार सोडून देऊ. तर शेवटी काय मिळेल? साधारण ३२ रेणू काहीच न होता तसेच राहतात, ३६ ना एक बेंझिल मिळतो, आणि ३२ ना दोन. म्हणजे समसमान वेग धरूनही हवा तो माल जेमतेम एक तृतीयांश. प्रत्यक्षात दुसरी पायरी बऱ्याचदा जलद असते, म्हणजे याहून वाईट.

यावर जुना, साधा उपाय एकच. अमाइन भरपूर घ्या. १०० बेंझिल क्लोराइडला १००० मिथिल अमाइन घेतलं, तर त्याच हिशेबाने तयार झालेल्या दर १०० रेणूंमागे ९५ हवे ते आणि ५ नको ते. हे चाललं की! हो, चाललं. पण मिथिल अमाइन स्वस्त आहे, उकळून परत गोळा करता येतं म्हणून चाललं. अमाइन महाग असेल, तुम्ही ते सात पायऱ्या करून बनवलेलं असेल, तर त्याचं दहापट कुठून आणणार?

आणखी एक बारकावा लक्षात ठेवा. प्रत्येक वेळी हायड्रोजन क्लोराइड सुटतं आणि ते अमाइनलाच पकडून क्षार बनवतं. अडकलेलं अमाइन अभिक्रिया करत नाही. म्हणून आम्लारी घालावा लागतो, आणि शेवटी मिठाचं पाणी उरतं. ते कुठे सोडायचं हा कारखान्याचा वेगळा प्रश्न. शिवाय मिथिल आयोडाइड, डायमिथिल सल्फेट, बेंझिल क्लोराइड ही सगळी अशी रसायनं आहेत की त्यांना आपल्या शरीरातला नायट्रोजन आणि भांड्यातला नायट्रोजन यात फरक कळत नाही. बेंझिल क्लोराइडच्या वाफेने डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. डायमिथिल सल्फेट त्याहून घातक, कारण त्याचा त्रास काही तासांनी सुरू होतो. माणूस ड्यूटी संपवून घरी गेलेला असतो.

आता तुम्ही म्हणाल, मग सरळ वाट कोणी वापरतच नाही का? वापरतात, आणि आपल्याच महाराष्ट्रात वापरतात. सोलापूरजवळ बालाजी अमाइन्स आहे, पाताळगंगेला अल्किल अमाइन्स आहे. मिथिल अमाइन बनवायची जगभरची रीत म्हणजे मिथेनॉल आणि अमोनियाची वाफ गरम उत्प्रेरकावरून न्यायची. त्यातून तिन्ही मिथिल अमाइन एकत्र येतात. तिथे कोणी रडत बसत नाही. तिन्हींना गिऱ्हाईक आहे, दाबाखालच्या ऊर्ध्वपातनाने ती वेगळी करतात, आणि जे नको असेल ते पुन्हा भट्टीत पाठवतात. हॅलाइड नाही, म्हणून मीठही नाही, फक्त पाणी सुटतं. तेव्हा मिश्रण होणं हा दोष आहे की नाही, हे रेणू ठरवत नाही. वेगळं करता येतं का आणि विकता येतं का, यावर ते ठरतं.

दुसरी वाट

दुसऱ्या वाटेचा पहिला दगड १८६४ मध्ये बसला. ह्यूगो शिफ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पाहिलं की ॲनिलिन आणि अल्डिहाइड एकत्र केले की पाणी सुटतं आणि कार्बन व नायट्रोजन यांच्यात दुहेरी बंध तयार होतो. याला आपण इमाइन म्हणतो, आणि शिफच्या नावानेही ओळखतो. शिफला त्यातून अमाइन बनवायचं नव्हतं. पण दुहेरी बंध म्हटलं की त्यात हायड्रोजन घालता येतो, म्हणजेच त्याचं क्षपण करता येतं, आणि मग उरतं ते अमाइन.

अडचण होती हायड्रोजन घालायचा कसा याची. ती सोडवली फ्रान्सच्या साबात्येने. १८९७ पासून त्याने दाखवलं की बारीक वाटलेल्या निकेलवर हायड्रोजन दुहेरी बंधात सहज शिरतो. १९१२ चं नोबेल त्याला त्यासाठी मिळालं. आणि १९२१ मध्ये फ्रान्सच्याच जॉर्ज मिन्योनाकने दोन्ही धागे जोडले. कीटोन किंवा अल्डिहाइड घ्या, अमोनिया घ्या, निकेल घ्या, हायड्रोजन सोडा. इमाइन त्याच भांड्यात तयार होतं आणि तिथल्या तिथे अमाइन होतं. याला आपण रिडक्टिव्ह अमिनेशन म्हणतो. मराठीत क्षपणी अमिनीकरण म्हणू शकतो, पण कारखान्यात कोणी तसं म्हणत नाही.

आता खरा प्रश्न. ही वाट थांबते का, आणि का थांबते?

पहिल्या वाटेत नायट्रोजन थेट कार्बनवर चाल करत होता आणि ती चाल परत फिरत नव्हती. इथे दोन टप्पे आहेत. पहिला टप्पा, इमाइन तयार होणं, हा पुढेमागे होऊ शकतो. दुसरा टप्पा, क्षपण, हा पक्का. आणि पहिल्या टप्प्यात इमाइन व्हायला नायट्रोजनवर दोन हायड्रोजन लागतात, कारण ते दोन्ही जाऊन पाणी बनतं. प्राथमिक अमाइनकडे दोन असतात. ते एकदा इमाइन झालं की त्या नायट्रोजनवर हायड्रोजन उरतच नाही. तो नायट्रोजन कामातून गेला. दुसरा अल्डिहाइड आला तरी त्याला पकडायला कोणी नाही. क्षपण झालं की मग द्वितीयक अमाइन बनतं. त्याला एकच हायड्रोजन असतो, म्हणून त्याचं साधं इमाइन होत नाही. झालंच तर धनभारित इमिनियम होतं, आणि त्याला आम्लाची मदत लागते.

यातली युक्ती कळली का? आधी सगळं इमाइन होऊ द्या, अल्डिहाइड संपू द्या, आणि मगच क्षपण करा. ज्या क्षणी द्वितीयक अमाइन जन्माला येतं, त्या क्षणी भांड्यात अल्डिहाइडच नसतो. दुसऱ्यांदा वाढायला वाढपीच नाही.

एक उदाहरण, अगदी भांड्यापर्यंत

मघाचंच उदाहरण घेऊ. हवंय एन-मिथिलबेंझिल अमाइन. या वेळी बेंझिल क्लोराइड नाही, बेंझाल्डिहाइड. तोच, ज्याला कडू बदामाचा वास येतो. एक मोल म्हणजे १०६ ग्रॅम. मिथिल अमाइन पाण्यातलं ४० टक्क्यांचं मिळतं, त्यातलं एक मोल म्हणजे साडेसत्त्याहत्तर ग्रॅम द्रावण. आपण ते थोडं जास्त घेऊ, दीड मोल, कारण अल्डिहाइड उरता कामा नये. दोन्ही मिथेनॉलमध्ये मिसळून ढवळत ठेवायचं. भांडं स्वतःहून कोमट होतं. इमाइन होतंय याची ती पहिली खूण.

आता घाई करायची नाही. इथेच लोक चुकतात. मी तरुणपणी एका छोट्या कारखान्यात होतो. तिथे आम्ही वेळ वाचवायला क्षपणाचं रसायन लगेच टाकलं. माल आला, वजनही बरं भरलं, पण ऊर्ध्वपातनात एक आगंतुक कट निघाला. तपासला तर बेंझिल अल्कोहोल. आम्ही इमाइनऐवजी अल्डिहाइडचंच क्षपण करून बसलो होतो. त्या बॅचमधला चौथा हिस्सा त्यात गेला. तेव्हा शिकलो की दोन टप्प्यांच्या मधली वाट बघणं हाही कृतीचा भाग आहे.

वाट बघायची म्हणजे घड्याळ बघायचं नाही, नमुना बघायचा. इन्फ्रारेडमध्ये अल्डिहाइडची रेघ १७०० च्या आसपास असते. ती मावळते आणि १६५० जवळ इमाइनची उगवते. एनएमआर असेल तर आणखी स्वच्छ दिसतं. अल्डिहाइडचा हायड्रोजन १० वर असतो, इमाइनचा सव्वाआठच्या जवळ. १० वरचं टोक गेलं की पुढे जायचं.

मग भांडं बर्फात ठेवून सोडियम बोरोहायड्राइड थोडं थोडं घालायचं. शिकागोच्या श्लेसिंगर आणि ब्राउन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शोधलेलं हे पांढरं चूर्ण. त्याच्या एका रेणूत चार हायड्राइड असतात, म्हणजे हिशेबाने पाव मोल, साडेनऊ ग्रॅम पुरेल. पण मिथेनॉल आणि पाणी त्यातलं काही खातात, म्हणून दुप्पट, १९-२० ग्रॅम घेतात. हायड्रोजन वायू सुटतो, तेव्हा भांडं बंद करायचं नाही आणि आसपास ज्योत नको. शेवटी १२१ रेणुभाराचं आपलं अमाइन. दोन बेंझिल बसले असते तर रेणुभार २११ झाला असता. मास स्पेक्ट्रममध्ये किंवा गॅस क्रोमॅटोग्राफवर ते टोक शोधायचं. ते जवळपास दिसत नाही, कारण द्वितीयक अमाइनला भेटायला अल्डिहाइड उरलेलाच नव्हता.

मघाच्या हिशेबाशी ताडून बघा. तिथे ९५ टक्क्यांपर्यंत जायला दहापट मिथिल अमाइन लागलं. इथे दीडपट पुरलं, हॅलाइडचं मीठ झालं नाही, आणि डोळे झोंबवणारं क्लोराइड हाताळावं लागलं नाही.

दोन्ही टप्पे एकाच भांड्यात

पण औषधांच्या प्रयोगशाळेत प्रत्येक इमाइन असं गुणी नसतं. कीटोनची इमाइन सावकाश होतात, पूर्ण होत नाहीत, आणि त्यांना थोडं आम्ल लागतं. आम्लात साधं बोरोहायड्राइड टिकत नाही. तेव्हा असं क्षपणकारक हवं की जे कीटोनला हात लावणार नाही, पण इमिनियम दिसलं की झडप घालेल. १९७१ मध्ये अमेरिकेच्या बोर्च आणि सहकाऱ्यांनी सोडियम सायनोबोरोहायड्राइड वापरून हे दाखवलं. त्यातली किल्ली म्हणजे पीएच. उदासीनच्या आसपास ठेवला तर ते इमिनियमच निवडतं. पीएच ३-४ पर्यंत उतरला तर कीटोनलाही खातं. म्हणजे इथे अमाइन मिळणार की अल्कोहोल, हे पीएच कागदाच्या एका पट्टीवर ठरतं. पण नावातच सायनो आहे. आम्ल जास्त झालं तर हायड्रोजन सायनाइड सुटू शकतं, आणि मालात सायनाइडचा अंश राहण्याची धास्ती असते.

म्हणून १९९६ मध्ये अब्देल-मगिद आणि सहकाऱ्यांनी सोडियम ट्रायॲसिटॉक्सिबोरोहायड्राइडवरचा मोठा निबंध प्रसिद्ध केला. सायनाइड नाही, आणि स्वभाव इतका मवाळ की कीटोनकडे ते जवळजवळ बघतच नाही. ही मंडळी विद्यापीठातली नव्हती, औषध कंपनीच्या संशोधन विभागातली होती. आज प्रयोगशाळेत कोणी रिडक्टिव्ह अमिनेशन म्हणालं, तर बहुतेक वेळा त्याच्या मनात हेच रसायन असतं.

ही वाटही कुठे फसते?

एवढं कौतुक केल्यावर दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ही वाट आपोआप एकावर थांबते असं जे म्हटलं जातं, ते अर्धसत्य आहे.

पहिली फसगत फॉर्मल्डिहाइडची. हा सगळ्यात छोटा अल्डिहाइड, कुठेही शिरतो, आणि द्वितीयक अमाइनबरोबरही तात्काळ इमिनियम बनवतो. प्राथमिक अमाइनवर एकच मिथिल बसवायला म्हणून तो वापरलात तर दोन बसतात. १९०५ ची एश्वायलरची पद्धत आणि तिच्यातली १९३३ ची क्लार्कची सुधारणा याच गुणावर उभी आहे. फॉर्मल्डिहाइड आणि फॉर्मिक आम्ल घेऊन ती नायट्रोजनवर बसतील तेवढी मिथिल बसवते. फरक एवढाच की ती तृतीयकावर थांबते. चार गटांच्या क्षारापर्यंत जात नाही, कारण तृतीयक अमाइनला इमिनियम होताच येत नाही. हॉफमनच्या वाटेला मात्र तिथेही थांबा नव्हता.

दुसरी फसगत मिन्योनाकच्या मूळ अभिक्रियेतच आहे. अमोनियापासून प्राथमिक अमाइन तयार झालं की त्याच्याकडे अजून दोन हायड्रोजन असतात, आणि ते उरलेल्या अल्डिहाइडशी इमाइन बनवायला मोकळं असतं. म्हणून तिथेही अमोनिया भरपूर घ्यावाच लागतो. जुना उपाय नव्या वाटेवरही सुटत नाही.

तेव्हा नेमकं वाक्य असं. रिडक्टिव्ह अमिनेशन अतिअल्किलीकरण अशक्य करत नाही. ते आपल्या हातात थांबायच्या जागा देतं. अल्डिहाइड की कीटोन, लहान की दाटीचा, आधी इमाइन की एकदम, आम्ल किती, हे सगळं आपण ठरवू शकतो. सरळ अल्किलीकरणात ठरवण्यासारखं फारसं काही नसतं.

पुन्हा ट्रककडे

आता त्या टायरकडे परत येऊ. हवेत ओझोन असतो. थोडाच असतो, पण रबराच्या साखळीतले दुहेरी बंध तो कापतो, आणि ताणलेल्या जागी भेगा पडतात. ते थांबवायला रबरात साधारण एक टक्क्याच्या आसपास एक अमाइन मिसळतात. त्याचं लघुनाम सिक्स-पीपीडी. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि रबराच्या आधी स्वतः ओझोनला सामोरं जातं. ऑक्सिजनमुळे रबर सडू लागतं, तेव्हा नायट्रोजनवरचा हायड्रोजन देऊन ते ती साखळी तोडतं. तो हायड्रोजन महत्त्वाचा. अतिअल्किलीकरणात नेमका तोच जातो.

आपल्याकडे हे रसायन बनवणारी जुनी कंपनी म्हणजे नोसिल. १९६१ ची, खाडीच्या पलीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यातली. पिलफ्लेक्स १३ या नावाने तिचा हा माल ओळखला जातो. मी आता सांगतो ती रीत मात्र एका कंपनीची नाही, ती या रसायनाची जगभरची रूढ रीत आहे.

कच्चा माल दोन. एक ४-अमिनोडायफेनिल अमाइन. त्यात दोन नायट्रोजन आहेत. एक टोकाला, दोन हायड्रोजनवाला. दुसरा दोन वलयांच्या मध्ये, त्याची इलेक्ट्रॉनांची जोडी वलयांमध्ये वाटली गेलेली, म्हणून सुस्त. दुसरा कच्चा माल म्हणजे एमआयबीके, रंगाच्या दुकानात द्रावक म्हणून मिळतो तो कीटोन. दोन्ही एकत्र करून, हायड्रोजनच्या दाबाखाली, प्लॅटिनमसारख्या धातूच्या उत्प्रेरकावर तापवायचं. टोकाच्या नायट्रोजनचं इमाइन होतं, त्यात हायड्रोजन शिरतो, आणि पाणी सुटतं.

वजनं बघा. १८४ किलो अमाइन, १०० किलो कीटोन, २ किलो हायड्रोजन. मिळतं २६८ किलो सिक्स-पीपीडी आणि १८ किलो पाणी. हेच सरळ अल्किलीकरणाने करायचं म्हटलं तर फांदीवाला ब्रोमाइड लागेल. तो आधीच आळशी. तापवला तर नायट्रोजनवर बसण्याऐवजी हायड्रोब्रोमिक आम्ल टाकून स्वतःच अल्कीन होऊन बसतो. आणि त्याच २६८ किलो मालामागे १०३ किलो सोडियम ब्रोमाइडचं मीठ निघेल. १८ किलो पाणी की १०३ किलो मीठ, यावरच कारखान्याचा निर्णय होतो.

आणि दुसऱ्यांदा का बसत नाही? इथे कीटोन भरपूर घेतात, म्हणजे वाढपी पंगतीत उभाच आहे. तरी नाही बसत, कारण जागा नाही. बसलेला गट नायट्रोजनच्या अगदी शेजारी फांदी असलेला. त्याच नायट्रोजनवर दुसऱ्या कीटोनचं इमिनियम व्हायचं तर दोन दाटीचे गट एकमेकांना खेटतात. अल्डिहाइड असता तर कदाचित बसला असता. इथे थांबा रेणूच्या आकारातच आहे.

मग चूक कुठे होते? उत्प्रेरक जास्त तिखट असेल किंवा पाणी साचून इमाइन मागे फिरत असेल, तर कीटोनचंच क्षपण होतं आणि ४-मिथिल-२-पेंटॅनॉल हे अल्कोहोल मिळतं. हायड्रोजन हिशेबापेक्षा जास्त खर्च होऊ लागला की ओळखायचं, माल भलतीकडे चाललाय. माझ्या बेंझिल अल्कोहोलचाच हा मोठा भाऊ.

या गोष्टीला एक शेपूट आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी दाखवलं की सिक्स-पीपीडी ओझोनशी भिडून जे क्विनोन बनवतं, ते टायरच्या धुळीबरोबर पावसाच्या पाण्यात उतरतं आणि कोहो जातीचे सॅल्मन मासे काही तासांत मारतं. म्हणजे ओझोनला सामोरं जाणं हे ज्या रेणूचं काम, त्या कामातूनच विष तयार होतं. आता पर्यायी रेणूंचा शोध चालू आहे, आणि नायट्रोजनवर कोणता गट, किती, हा प्रश्न पुन्हा फळ्यावर आला आहे. आपल्या या रस्त्यावरून रोज किती टायर झिजत जातात आणि पहिल्या पावसात ते पाणी कोणत्या खाडीत उतरतं, हे काल्हेरकरांना मी सांगायची गरज नाही.

श्रोत्यांचा एक प्रश्न

*प्रश्न : सर, मग पाठ्यपुस्तकात अजून हॉफमनची अभिक्रिया आधी का शिकवतात?*

चांगला प्रश्न. कारण नायट्रोजनचा स्वभाव तिच्यात उघडा दिसतो. परीक्षेत मात्र विद्यार्थी लिहितो, 'अमोनिया अधिक इथिल ब्रोमाइड, मिळाले इथिल अमाइन', आणि बाण काढून मोकळा होतो. त्या बाणाखाली मिश्रण आहे, हे त्याने लिहिलं पाहिजे. माझ्या हातात पेपर आला तर मी त्या एका शब्दाला अर्धा गुण देईन.